बाजारातली हजेरी

जिजाला कुणी ‘बिचारी’ म्हटलं असतं, तर तिनं त्याला भाजीच्या पाटीसमोरून उठवलं असतं. त्यामुळे मीही म्हणणार नाही. ती दहिवलीची. नवरा पदू मुंबईला गोदीत ओझी उचलायचा, गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचा. इकडे नदीकाठचा शेताचा तुकडा, मैना नावाची एक मुलगी आणि कर्जतच्या बाजारात कोपऱ्यावरची एक जागा, एवढा तिचा संसार. पावसाळ्यात काकड्या, भातकापणी झाली की त्याच ओलीवर पेरलेले वाल, शिवाय मुळा आणि लाल माठ. उंच, काळीसावळी, कपाळावर गोंदलेली. भाव एकदाच सांगायची. घासाघीस करणाऱ्या बाईकडे ती पुन्हा बघायचीसुद्धा नाही, मागच्या गिऱ्हाइकाला ‘या’ म्हणायची. माझ्या आईला तिचा भयंकर राग यायचा, आणि भाजी मात्र आई तिच्याकडूनच घ्यायची.

मैना माझ्या वर्गात होती, मुलींच्या शाळेत चौथीत. कुळवाड्यांच्या घरची ती एकटीच चौथीपर्यंत टिकली. बाकीच्या दुसरीनंतर घरी बसल्या. बसल्या म्हणतात आपलं. गुरं, धाकटी भावंडं आणि लावणी यांतून बसायला कुणाला सवड होती?

मैनाची अडचण एकच. बाजाराच्या दिवशी ती शाळेत नसायची. जिजा नदीवर पाला धुवायला किंवा सुटे आणायला उठली की पाटीवर कुणीतरी लागायचं, आणि घरात दुसरं माणूस नव्हतं. हेडमास्तर दर आठवड्याला तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडायचे. त्या वर्षी, म्हणजे सन चौतीसच्या हिवाळ्यात, त्यांनी भर वर्गात सांगून टाकलं की हजेरी भरत नाही, त्यामुळे मैनाला वार्षिक परीक्षेला बसू देणार नाही. परीक्षा नाही तर पाचवी नाही. मैना पाटी पुसत राहिली.

अशा ठिकाणी लिहिणाऱ्यानं ‘हेडमास्तर माणूस वाईट नव्हते’ असं म्हणायची रीत आहे. मला म्हणायचं नाही. ते आळशी होते, आणि नियम ही आळशी माणसाची फार मोठी सोय असते.

त्याच सुमारास पुण्याहून ट्रेनिंग घेऊन विमलबाई आमच्या शाळेत आल्या. पंचविशीच्या, अंगानं किरकोळ, पण डोक्यात नवीन कल्पनांची गर्दी. हिशेब पुस्तकातून शिकवायचा नाही, बाजारात शिकवायचा, असं त्यांनी ठरवलं. हेडमास्तरांची समजूत घालता घालता त्यांचा घसा बसला. शेवटी पालकांची लेखी परवानगी हवी या अटीवर ते कबूल झाले. विमलबाईंनी मजकूर फळ्यावर लिहिला आणि आम्ही प्रत्येकीनं तो कागदावर उतरवून घेतला. माझा मला अजून पाठ आहे.

‘रा. रा. पालक यांस कृ. सा. न. वि. वि. इयत्ता चौथीच्या मुलींस येत्या बाजारवारी कर्जतचा बाजार दाखविण्यास नेण्याचे योजिले आहे. भाजीवाल्या माल कसा मांडितात, मापितात व विकितात हे मुलींनी प्रत्यक्ष पाहावे व स्वतः खरेदी करून हिशेब लिहावा, हा हेतू. तरी आपली अनुमती सहीनिशी अगर अंगठ्यानिशी कळवावी व खरेदी आणि खाऊ यांसाठी मुलीबरोबर एक आणा पाठवावा. कळावे, ही विनंती.’

मजकुरात काय वावगं आहे? मला तेव्हा काहीच दिसलं नाही. विमलबाईंनाही दिसलं नाही, आणि त्या तर ट्रेनिंग झालेल्या.

त्या दिवशी मैना घरी होती, तिला ताप होता. तिचं पत्र पोचवायला आणि वाचून दाखवायला बाईंनी मला पाठवलं. माझे वडील कचेरीत कारकून, म्हणून मी खणखणीत वाचते अशी माझी ख्याती होती. जिजा अंगणात वालाच्या शेंगा निवडत होती. मी उभ्यानंच पत्र वाचलं, अगदी ‘कृ. सा. न. वि. वि.’सकट.

तिनं हात थांबवले नाहीत. ‘भाजीवाल्या माल कसा मांडितात’ ही ओळ तिनं मला परत वाचायला लावली.

“म्हंजी माझी पोर रांगेत उभी ऱ्हाऊन मला बघणार?” ती म्हणाली. “आन त्याचा आणा मीच द्यायचा?”

मी म्हटलं, आणा खाऊचा पण आहे.

“शकू, मी दर बाजाराला ठेकेदाराला बसायचा पैसा देते. आता बघायचा पन देऊ? वाघ दावायला आनलाय काय गं तिथं?”

मग तिनं शेंगांची टोपली बाजूला सारली आणि मला नीट समोर बसवलं. शाळा बाजारात येणार, म्हणजे त्या दिवशी शाळा कुठे, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, बाजारात. त्या दिवशी मैना कुठे असणार? मी म्हटलं, बाजारात. मग ती हजर की गैरहजर? खणखणीत वाचणं निराळं आणि हे निराळं. अंगठा तिनं दिला नाही, आणाही दिला नाही. निरोप दिला, आणि तो बाईंना जसाच्या तसा सांग म्हणून मला बजावलं: आणा देणार नाय, अंगठा देणार नाय, आणि माझ्या पोरीची हजेरी लागली पायजे.

मी जसाच्या तसा सांगितला. विमलबाई आधी लाल झाल्या. मग माझ्या हातातलं पत्र घेऊन त्यांनी पुन्हा वाचलं. तशाच त्या हेडमास्तरांकडे गेल्या. दार उघडंच होतं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. हेडमास्तरांचं म्हणणं सरळ होतं. ज्या मुलीची परवानगी नाही आणि वर्गणी नाही, ती सहलीत नाही. जी सहलीत नाही, ती गैरहजर. पाटीमागे बसून भाजी विकणं याला शिक्षण म्हणायचं असेल तर आपण शाळा बंद करून सगळे वालाच्या शेंगाच विकू. बाईंनी स्वतःच्या पदरचा आणा देते म्हणून सांगितलं. ते म्हणाले, “आणा द्याल हो. अंगठा कुणाचा देणार?”

बाजारवारी आम्ही रांगेनं निघालो. पुढे हेडमास्तर छत्री घेऊन, मागे विमलबाई, काखेत हजेरीपुस्तक. प्रत्येकीच्या मुठीत आणा. भांड्यांची दुकानं पाहिली, सुक्या मासळीपाशी दोन मुलींनी नाक दाबलं, तेव्हा तिथली कोळीण काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग भाजीच्या रांगेपाशी आलो. हिशेबाचा धडा इथेच व्हायचा होता.

मैना आईच्या मागे उकिडवी बसली होती. आम्हाला बघून तिनं मान खाली घातली. खरं सांगायचं तर आम्हीही तिच्याकडे नेहमीसारखं बघत नव्हतो. पत्रात ‘भाजीवाल्या’ लिहिलं होतं आणि आम्ही भाजीवाल्या बघायला आलो होतो.

हेडमास्तरांनी मला पुढे केलं. मी आणा पुढे धरून वालाच्या शेंगांचा भाव विचारला.

जिजानं खांद्यावरचं फडकं घेतलं आणि पाटीवर टाकलं.

“इकायचं नाय,” ती म्हणाली. “आदी हजेरी घ्या.”

हेडमास्तर म्हणाले, बाजारात कसली हजेरी. आणि ते शेजारच्या पाटीकडे वळले. तिथे चिमा बसायची, मुळ्याच्या जुड्या घेऊन. चिमाची मुलगी शाळेत नव्हती, कधी जाणारही नव्हती. तिनं जिजाकडे एकदा पाहिलं आणि पदर मुळ्यांवर ओढला. पलीकडच्या कोंडीनं वांगी झाकली. डोंगरातून आलेल्या ठाकरणी होत्या. त्यांना भानगड कळली नसावी, पण त्यांनीही कंदांवर पानं टाकली. बघता बघता ती अख्खी रांग झाकली गेली. बाजारातली गिऱ्हाइकं थांबली. कुणीतरी विचारलं, काय झालं, तर चिमा म्हणाली, “शाळा आलीय भाजी बघायला. आमी दावत नाय.”

हेडमास्तरांनी ठेकेदाराला बोलवायची धमकी दिली. जिजा म्हणाली, बोलवा, त्याचा पैसा सकाळीच दिलाय. जागा माझी, माल माझा, कवा इकायचा ते मी ठरवीन. आवाज चढवला नाही. तिला चढवावा लागायचाच नाही.

मग हेडमास्तरांनी आम्हाला ‘वळा, परत’ असा हुकूम सोडला. आम्ही वळलोही. पण मागे विमलबाई होत्या आणि त्या हलल्या नाहीत. वाट अडली. त्यांनी काखेतलं हजेरीपुस्तक काढलं, चिमाच्या पाटीच्या काठावर टेकवलं आणि मोठ्यांदा एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. हेडमास्तर म्हणाले, “बाई, हे वर कळवावं लागेल.” बाई म्हणाल्या, “जरूर कळवा. वर्ग कुठे भरला होता तेही कळवा.” आणि पुढचं नाव घेतलं.

मैनाचं नाव आलं. ती उठली नाही. जिजानं मागे न बघता कोपरानं तिला ढोसलं.

“हजर,” मैना म्हणाली. आईचाच आवाज.

जिजानं फडकं काढलं. मग मापातून नाही, ओंजळीनं शेंगा उचलून तिनं बाईंच्या पुढ्यात ठेवल्या. हा माझा आणा, म्हणाली, पोरींनी खावा. परवानगी मात्र तिनं तोंडानंसुद्धा दिली नाही. रांगेतली फडकी निघाली आणि आम्ही सगळ्याजणी खरेदीवर तुटून पडलो. कुणाचाच हिशेब जुळला नाही, कारण सुटे मैना देत होती आणि तिच्याइतकं भराभर आम्हाला लिहिता येत नव्हतं.

हेडमास्तरांनी वर कळवलं. विमलबाईंना ठपका बसला आणि वर्षअखेर त्यांची बदली झाली. जिजाला ते कळलं तेव्हा ती शाळेत आली, पहिल्यांदाच, आणि व्हरांड्यात उभी राहून हेडमास्तरांना काय बोलायचं ते बोलली. त्यानं बदली थांबली नाही. पण जाईपर्यंत बाईंनी दर बाजारवारी मैनाला भाजीच्या पाटीवर करायची गणितं दिली आणि तिची हजेरी मांडली. शाई पुसायची हिंमत हेडमास्तरांना झाली नाही. बाजार फार जवळ होता. हजेरी भरली, मैना परीक्षेला बसली आणि पास झाली. पहिली आली नाही, तिसरी आली. पहिली मी आले, त्याबद्दल जिजानं मला कधी माफ केलं नाही.

पुढे मी पुण्याला कॉलेजात गेले. सुट्टीत आले की तिच्या पाटीवर जायचे. एकदा मी तिला म्हटलं की शिक्षणाच्या पुस्तकात आता मुलांना बाजारात न्यावं असं लिहितात, सहलीचं पत्र कसं लिहावं तेही देतात. तिनं मुळ्याची जुडी माझ्या पिशवीत टाकली.

“लिवू दे की,” ती म्हणाली. “तवा पन चांगलंच लिवलं होतं.”

आणि भाव सांगितला. एकदाच.