दाबूनही न जाणारे ठिपके

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. दिवाळी झाली की ती नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाते आणि जाताना लेक आमच्याकडे ठेवते, शाळा बुडू नये म्हणून. दुसरीतली पोरगी. आमचं गाव जिंतूर-येलदरी रस्त्यावर आहे, शाळा घराला लागूनच. मी सगळ्यांना सांगायचे की ही माझीच तिसरी. पण ते काही खरं नव्हतं. आपलं पोर पडलं तर आपण आधी एक धपाटा घालतो. दुसऱ्याचं पडलं तर आधी आपणच दचकतो, की आता हिच्या आईला काय सांगू.

तर त्या हिवाळ्यात तिला ताप आला. संध्याकाळी आला, गोळी दिली, झोपली. त्यात नवल काही नव्हतं, तेव्हा गावात घरोघरी ताप होता. सकाळी अंगावरून हात फिरवताना पैंजणाच्या वर मला लाल ठिपके दिसले. बारीक, टाचणीच्या टोकाएवढे. मला वाटलं, पैंजण घासलं असेल. पैंजण काढून ठेवलं. मग फ्रॉक वर केला तर पोटावरही तेच.

शेजारच्या काकू आल्या आणि बघताक्षणी म्हणाल्या, "गवर हाय. आई आलीया अंगावर. फोडणी देऊ नको आज घरात, अन् लिंबाचा पाला आण."

मला ते पटेना. माझ्या दोघांना गोवर होऊन गेला होता, तो तोंडापासून खाली उतरतो. हिचं तोंड स्वच्छ आणि ठिपके पायावर. मग गाजरगवत लागलं असेल म्हणावं, तर ती खाजवत नव्हती. काकूंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, आईची रूपं लय असतात. काकूंशी वाद घालण्यात मी तशी मागे राहणारी नाही, पण त्या सकाळी मला स्वतःचंच काही खरं वाटत नव्हतं.

आणखी एक गोष्ट जुळत नव्हती. कपाळ चुलीसारखं तापलेलं आणि तळपाय थंडगार. पाय दुखतात म्हणून रडत होती, ती रडायचीही थांबली. माझ्या नवऱ्याने तिला मांडीवर घेतलं तर त्याच्याच तोंडाकडे बघून विचारायला लागली, "मामा कुठं गेला?"

त्याने तशीच मोटरसायकल काढली. पोरीला मधे धरून मी मागे बसले. काकू दारातून म्हणत राहिल्या की अंगावर आई असताना लेकराला वेशीबाहेर नेऊ नये.

जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोरीची मान पुढे वाकवून बघितली, ती कळवळली. मग त्यांनी नर्सकडून काचेचा पाणी प्यायचा ग्लास मागवला आणि पोरीच्या पोटावर दाबून धरला. मी मनात म्हटलं, आता हे काय नवीन. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"आत बघा. ठिपके दिसतात का?"

"दिसायलेत."

"आता तुमचा हात द्या." माझ्या मनगटावर डास चावून लाल झालं होतं. तिथे त्यांनी ग्लास दाबला, तर लाली गेली, काचेखाली कातडी पांढरी दिसली. उचलला की परत लाल. "ही लाली नसांच्या आतल्या रक्ताची. दाबलं की रक्त बाजूला सरकतं. हिचं रक्त नसांतून बाहेर पाझरलंय, कातडीखाली. ते सरकत नाही."

"कशानं पाझरलं?"

"बहुतेक रक्तात जंतू पसरलेत. डेंग्यूही असू शकतो, आणखीही काही असेल. आत्ता नक्की सांगता येत नाही. पण जंतूंचं असेल तर तासातासाला बिघडत जातं. तपासणीची वाट बघत नाही मी. आधी शिरेतून इंजेक्शन, सलाईन, आणि लगेच परभणी."

मला राग आला, खरं सांगते. काय झालंय ते माहीत नाही म्हणतात आणि सुई तयार. घरी काकूंना काहीच माहीत नसून सगळं माहीत होतं, इथे शिकलेल्या बाई नाही सांगता येत म्हणत होत्या. विश्वास कुणावर ठेवायचा माणसाने?

तेवढ्यात अक्काचा फोन लागला. उसाच्या फडात रेंज नसते, माझा नवरा कधीचा प्रयत्न करत होता. त्याने फोन माझ्या हातात दिला. मी ठिपक्यांचं सांगितलं.

"आई हाय वैनी ती," अक्का म्हणाली. "सुई टोचू देऊ नको. कोप व्हतो. आमच्या तिकडं एकाचं लेकरू गेलंय सुईनं. म्या निघाले, म्या येईस्तोर थांब." आणि फोन तुटला. पुन्हा लागेना.

लेकरू तिचं. तिने नको म्हटलं होतं. नवरा माझ्याकडे बघत होता, जणू बहीण माझी होती. मी पोरीचा हात दोन्ही हातांत घट्ट धरलेला. डॉक्टरीणबाईंना तोच हात हवा होता. इंजेक्शन देऊन काही झालं तर अक्का म्हणेल, मी नको म्हटलं असताना तू मारलंस. न देता काही झालं तर काय म्हणेल, ते मला सुचेना. थांबा, तिची आई येतेय, असं मी म्हणालेही.

"आई येईपर्यंत ही राहील का, ते मला सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत.

मी हात सोडला. ठरवून सोडला असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तसं काही आठवत नाही. भीतीने बोटंच सुटली असतील. त्यांनी रक्त घेतलं आणि लगोलग सुई लावली.

ॲम्ब्युलन्समध्ये मी वाटभर तिचे पाय बघत होते. सकाळी टाचणीच्या टोकाएवढे होते ते ठिपके, त्यातले काही एकमेकांत मिसळून जांभळे झाले होते. मला वाटलं, हा कोपच आहे आणि तो मी ओढवून घेतला. इंजेक्शन दिल्यावर वाढलं, हेच दिसत होतं ना डोळ्यांना? परभणीला डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, औषधाला वेळ लागतो, आजार त्याच्या आधीच पळत सुटलेला असतो. जिंतूरचं इंजेक्शन नसतं तर ती इथवर पोचली नसती. पुढे तपासणीत रक्तात जंतूच निघाले. घरातल्या सगळ्यांना गोळ्या दिल्या, आम्हाला लागण होऊ नये म्हणून. काकूंनाही. त्यांनी घेतल्या की नाही, त्यांनाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी अक्का आली. अंगावर फडातलीच साडी. माझ्याशी बोलली नाही. पोरगी अतिदक्षता विभागात होती आणि अक्का बाहेर भिंतीला पाठ लावून बसून राहिली. मी चहा आणला, तो निवून गेला. मला भांडण हवं होतं. बोलली असती तर मीही बोलले असते, मला ते जमतं.

पोरीने आईला ओळखलं, भूक लागली म्हणाली, त्या दिवशी अक्का आतून बाहेर आली आणि माझ्याजवळ बसली. बराच वेळ साडीचा पदर बोटाला गुंडाळत होती.

"वैनी," ती म्हणाली, "म्या असते तर टोचू दिलं नसतं."

ती माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणते त्याची वाट पाहत. मी तिच्याकडे सरकून बसले.