साडूच्या पोरीचा ब आणि आमचा अ

माझा साडू लातूरला राहतो; त्याची मुलगी तिथल्या क्लासला गेली आणि सीएची पहिली परीक्षा फट्‌कन पास झाली. तेव्हापासून आमच्या नांदेडच्या घरात रोज जेवताना मी एकच वाक्य वाढत होतो, "लातूरच्या क्लासला गेली म्हणून पास झाली." साडू गोरा आहे, त्याचा प्लॉट कोपऱ्यावरचा आहे, सासरी पहिला चहा त्यालाच मिळतो. हे सगळं मी सोसलं होतं. पण पोरगीसुद्धा?

यंदा आमची मुलगी बारावी झाली आणि मी तिला घेऊन थेट त्याच क्लासमध्ये. साडूची पोरगी ज्या स्पेशल बॅचमध्ये होती, तिच्यासाठी चाळणी परीक्षा होती. निकाल लागला तर एका मार्कानं हुकली.

उत्तरपत्रिका बघितली. प्रश्न असा होता: क्लासचे तास आणि गुण यांचा सहसंबंध ०.८ आला, तर निष्कर्ष काय? हिनं 'अ' निवडलं होतं: क्लासच्या तासांमुळेच गुण वाढतात हे सिद्ध होतं. बरोबर होतं 'ब': दोन्ही सोबत वाढतात, पण कारण यावरून ठरत नाही.

मी शिकवणाऱ्या मॅडमकडे गेलो. "मॅडम, ०.८ म्हणजे लई झालं की."

"संबंध लईच हाय, सर. पण मुळातच अभ्यासू पोरं जास्त तास बसत असतील, तर? मग तासामुळं मार्क, का अभ्यासूपणामुळं दोन्ही? नुसत्या ०.८ वरून कळत न्हाई."

"बाहेर तुमच्या बोर्डावर तर लिहिलंय, आमच्या क्लासमुळे यश."

मॅडमनी चष्मा पुसला. "ती जाहिरात हाय, सर. तिला मार्क न्हाईत."

आणि स्पेशल बॅचमध्ये मुळात कोणाला घेता, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. हुशारच घेतात. म्हणजे साडूची पोरगी आधीपासूनच हुशार होती. हा निष्कर्ष मला 'अ'पेक्षा जास्त झोंबला.

बाहेर येऊन मी मुलीला म्हटलं, "एवढं सोपं कसं चुकलं गं?"

"पप्पा, तुम्हीच तर रोज जेवताना सांगत होता."

मग ती म्हणाली, "मी साध्या बॅचमध्ये बसते. पण मावशीकडं न्हाई राहायची. होस्टेलला राहते."

तेवढ्यात साडूचा फोन. निकाल त्याला आधीच कळला होता, अशा बातम्या त्याला वासानं कळतात. म्हणाला, "साडूभाऊ, मनाला लावून घेऊ नका. पोरीला आमच्याकडंच ठेवा. आमचं घर अभ्यासाला मानवतं, बघितलंच तुम्ही."

मी मुलीकडे बघितलं. ती नाही म्हणून मान हलवत होती.

"बघितलं, साडूभाऊ," मी म्हणालो, "पण ते अजून सिद्ध झालेलं न्हाई."

आणि होस्टेल बघायला निघालो.