विहारात लावलेली कॉपी

फिल्म पूर्ण झाली तेव्हा आमच्यापुढे तीन वाटा होत्या. इंटरनेटवर टाकायची तर तेव्हा दहा मिनिटांहून मोठा व्हिडिओ चढत नसे, म्हणजे तुकडे करायचे, आणि तेही सायबर कॅफेत अडकत चालणार. चॅनेलला विकली तर सगळे हक्क त्यांचे, मग बुद्धविहारातही दाखवता येणार नाही. तिसरी वाट म्हणजे अंबरनाथचं आमचं विहार, जिथे मी लहानाचा मोठा झालो.

मला चॅनेलच हवं होतं. त्यांना खटकेल म्हणून, कुणी न सांगताच, मी फिल्ममधल्या आईचा ‘जय भीम’ काढला आणि दुसऱ्या बाईच्या आवाजात ‘नमस्कार’ घातला. चॅनेलने तरीही फिल्म नाकारली. तीच कॉपी शेवटी विहारात लावली.

आईचं काम केलेल्या शेजारच्या काकूही बघायला आल्या होत्या. निघताना दारात त्या प्रत्येकाला ‘जय भीम’ म्हणाल्या. माझ्यापुढे थांबल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, ‘नमस्कार.’