जाऊबाईंची दोरी

माझी धाकटी जाऊ शाळेत पीटी शिकवते. सकाळी गच्चीवर आम्ही दोघी दोरीवरच्या उड्या मारतो. मी थोड्याच वेळात धापा टाकायला लागते आणि ती मात्र गप्पा मारत उडत राहते.

मला हे पटत नव्हतं. नक्कीच काहीतरी लबाडी होती. एकदा ती आंघोळीला गेली तेव्हा मी तिचे बूट उलटेपालटे करून पाहिले. आत स्प्रिंग नव्हती, नुसता पावलांचा वास होता. दोरीही माझ्याच मापाची निघाली.

शेवटी भडकले. "तू तं धड उडतच नाहीस वं!"

"दोरी जाईल एवढंच उडायचं, ताई," ती म्हणाली. "टाचा टेकवू नका, गुडघे फार वाकवू नका, घोटे घट्ट ठेवा. पोटरीनं फक्त धरून ठेवायचं. टाचेमागची जाड शीर ताणली जाते अन् रबरासारखी परत फेकते. पाय टेकल्यावर थांबल्या, तं तो ताण वाया जाते."

मला हरवायचा डाव असणार, म्हणून मी मुद्दाम प्रत्येक उडीनंतर क्षणभर थांबले. पोटऱ्या पेटल्या. मग तिच्यासारखी, पाय टेकताच उडाले. खालून कुणी उचलून देतंय असं वाटलं. माझा संशय आणखी वाढला.

"मग इतके दिवस काहून नाही सांगितलं मले?"

तिनं शांतपणे दोरी गुंडाळली.

"मले वाटलं, बुटात सापडलं असंल तुम्हाले."