मावशींच्या मानधनाची ओळ

परळच्या एका संस्थेत मी प्रकल्पांचे प्रस्ताव लिहायचे. बजेटमधल्या प्रत्येक खर्चापुढे त्यातून नेमकं काय हाती येणार, ते दाखवावं लागे. समुपदेशकाच्या पगारापुढे समुपदेशनाची सत्रं, छपाईपुढे माहितीपुस्तिका. अडलं ते आमच्या संस्थेतल्या मावशींच्या मानधनापाशी. गावाहून आलेल्या कॅन्सरच्या पेशंटच्या नातेवाइकांजवळ त्या दिवसभर हॉस्पिटलात, वॉर्डाबाहेर बसायच्या. मी लिहिलं, ‘नातेवाइकांना सोबत.’

देणगीदार संस्थेच्या बाईंनी फोनवर विचारलं, “हे मोजणार कसं?”

ती ओळ कापून प्रस्ताव मंजूर झाला.

मावशींना सांगितलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “म्हणजे मी कामच करत नव्हते काय गं?”

त्या परत आल्या नाहीत. परवा वॉर्डाबाहेर एक बाई एकटीच रडत होती. मी शेजारी बसले, पण काय बोलावं ते मला कळेना.