पहिल्या टप्प्याच्या कागदांवरची सही

माझी केमोथेरपी चालेनाशी झाली, दुसरं औषधही थकलं. तेव्हा मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी क्लिनिकल ट्रायलचं विचारलं. नवं औषध, पहिला टप्पा. कागद मराठीत होते, चांगले वीस पानी. "घरी न्या, वाचा, घाई नाही," त्या म्हणाल्या.

बदलापूरला आल्यावर आमचे हे म्हणाले, "पहिला टप्पा म्हणजे तू पहिला नग. मशीन सेट करायचा."

आम्ही दोघं अंबरनाथच्या वर्कशॉपमधले. तिथे लॉटचा पहिला नग मापतात, चुकला तर भंगारात टाकून मशीन जुळवतात. बाविसाव्या वर्षी मी तिथे तपासनीस होते, खांद्यावर पर्स आणि नाकावर रुबाब. एकदा न मापताच पहिला नग पास करून झोकदार सही ठोकली, कारण सुपरवायझर घाईत होता आणि दिसायलाही बरा होता. अख्खा लॉट परत आला. त्याच सुपरवायझरशी मी पुढे लग्न केलं, यावरून त्या पोरीच्या अकलेचा अंदाज यावा.

या वेळी मी सगळी पानं वाचली आणि पेन्सिलीने प्रश्न लिहून ह्यांच्यासोबत मुंबईला नेले.

"बाई, मी भंगारात जाणारा नग का?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, पहिल्या टप्प्यात थोड्याच लोकांना औषध देतो. किती डोस झेपतो, काय त्रास होतो, ते पाहतो. एका गटाला झेपलं तरच पुढच्याला जास्त. तुमच्याआधी दोन गट झालेत. गाठ कमी होईलही, पण मी वचन देणार नाही."

"मग दुसऱ्या, तिसऱ्या टप्प्यात मी वर चढणार?"

"नाही. दुसऱ्यात औषध या आजारावर चालतं का ते पाहतात. तिसऱ्यात चालू उपचाराशी तुलना, कोणाला काय मिळणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. ते लोक वेगळे. औषध बाजारात आल्यावरही लक्ष ठेवतात, तो चौथा."

"मध्येच सोडलं तर?"

"कधीही सोडा. कारण सांगायची गरज नाही. आमची देखभाल चालूच राहील. औषधाने इजा झाली तर उपचार आमच्याकडून."

ह्यांनी विचारलं, "आणि नाहीच घेतलं तर?"

"तर दुखणं, झोप, भूक सांभाळू. तोही उपचारच आहे, आजोबा."

मग म्हणाल्या, "आता तुम्हीच मला समजावून सांगा." मी सांगितलं. चौथा टप्पा विसरले, तो माझ्या कामाचा नव्हताच.

बाहेर येऊन ह्यांचा हात धरला. "अहो, नगाला कोणी विचारत नाही. मला विचारलंय. आणि मला घरी बसून वाट बघायची नाही."

"त्रास झाला तर?"

"तर त्यांना सांगेन, नको. ऐकलंत ना तुम्ही?"

त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला. मग म्हणाले, "चल, पेन माझ्याकडे आहे."

आत जाऊन सही केली, तारीख स्वतःच्या हाताने घातली. शेवटच्या पानावर एक ऐच्छिक चौकट होती: तपासणीतून उरलेलं रक्त पुढच्या संशोधनासाठी ठेवू का? मी 'हो' लिहिलं. मग पहिल्या तपासण्यांसाठी बाही वर केली. त्या तपासण्यांचे रिपोर्ट ट्रायलच्या अटींशी जुळले तरच औषध मिळणार होतं.