उकलीची चौकट

आमच्या शाळेतल्या भाषेच्या बाई भलत्या फटकळ. गोष्टीचा निबंध लिहायचा म्हटलं की आधी फळ्यावर तीन चौकटी काढायच्या: सुरुवात, पेच, उकल. मधे बाण. पोरांनी त्या कागदावर उतरवून भरायच्या आणि तिसरी भरल्याशिवाय निबंधाला हात लावायचा नाही. उकलीत कुणी ‘जाग आली, ते स्वप्न होतं’ लिहिलं, की बाईंचं डोकंच फिरायचं.

या वर्षी एका नव्या मुलीनं तेच लिहिलं. बाईंनी लाल पेन उचललं आणि आधीच्या चौकटी वाचल्या. सुरुवात: आई माझा गणवेश शिवत होती. पेच: आई दवाखान्यात गेली, परत आली नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मुलीला जवळ बोलावलं.

“हे खोडू का गं?”

“खोडा. पण आई परत येत नाही, मग उकल काय लिहू?”

“पेच सुटलाच पाहिजे असं नाही, बाळा. त्यानंतर तू काय केलंस, तेवढं लिही.”

मुलीनं बराच वेळ पेन्सिल चावली. मग लिहिलं: ‘एक बाही राहिली होती. ती मी शिवली. आखूड झाली.’

बाईंनी तिच्या बाहीकडे पाहिलं. सकाळीच, सगळ्या वर्गासमोर, त्याच बाहीवरून त्यांनी तिला झापलं होतं.